नारूचं फडकं: गाळताना आणि समजून घेताना होणाऱ्या चुका

पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा आणि पायातून बाहेर येणारा लांब किडा म्हणजे नारू. अकरावीच्या वर्गाला तो शिकवायचा असला की मी आदल्या दिवशी नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावरून बादलीभर पाणी आणते. प्रयोगशाळेची खिडकी लावून घ्यायची, काचेच्या बरणीत ते पाणी ओतायचं आणि बाजूने टॉर्च मारायचा. सुरुवातीला नुसता गढूळपणा दिसतो. मिनिटभराने डोळा सरावतो आणि पांढुरके कण झटके देत पळताना दिसू लागतात. धूळ अशी झटके देत नाही. हे सायक्लॉप्स, पाण्यातले छोटे प्राणी, साधारण एक मिलिमीटर लांबीचे. मादीच्या शेपटीजवळ अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत असतात, त्या भिंगातून स्पष्ट दिसतात. नारूची अख्खी साखळी या कणावर टांगलेली होती आणि पिण्याचं पाणी गाळायच्या फडक्याने ती इथेच तुटली. तरीही फडक्याबद्दल काही चुका दर वर्षी नव्याने ऐकू येतात. त्या कुठे होतात आणि कशा ओळखायच्या, ते लिहिते.

‘पाण्यात नारूची अंडी असतात’ असं समजणं

जवळजवळ सगळ्यांचं उत्तर हेच असतं, आणि फडक्याबद्दलचा गोंधळ इथूनच सुरू होतो. नारूची मादी अंडी घालत नाही. ती जिवंत अळ्या सोडते, त्याही लाखांनी. साधारण ६० ते १०० सेंटिमीटर लांबीची आणि शेवईइतकी जाड ही मादी बहुतेक वेळा गुडघ्याखाली येऊन थांबते. तिथे फोड येतो. त्याची आग इतकी असते की माणूस गारव्यासाठी पाय पाण्यात घालतो. पाणी लागलं की फोड फुटतो आणि अळ्या बाहेर पडतात. जुन्या पायऱ्यांच्या विहिरींत पाणी भरणारा माणूस घोटाभर पाण्यात उतरूनच घागर बुडवायचा, त्यामुळे वेगळं काही करायचीही गरज नव्हती.

आता महत्त्वाचं. या ताज्या अळ्या कुणी प्यायला तरी त्याला नारू होत नाही. पाण्यात त्या जेमतेम तीनेक दिवस जगतात. तेवढ्यात सायक्लॉप्सने गिळलं तर त्याच्या अंगात त्या वाढतात, दोनदा कात टाकतात, आणि सुमारे दोन आठवड्यांनी माणसाला बाधण्याइतक्या तयार होतात. असा सायक्लॉप्स पाण्याबरोबर पोटात गेला की तो पचतो आणि अळी मोकळी होते. ती आतड्याची भिंत भेदून आत शिरते. नर-मादीचा संग झाल्यावर नर मरतो आणि मादी कातडीखालून खाली सरकत राहते. पाणी प्यायल्यापासून फोड येईपर्यंत साधारण वर्ष जातं.

म्हणजे फडक्याने सूक्ष्म अळी अडवायची नसतेच. ताजी अळी फडक्यातून खुशाल खाली गेली तरी चालतं. अडवायचा आहे तो डोळ्यांना दिसणारा सायक्लॉप्स. हे नीट कळलं की पुढच्या चुका आपोआप लक्षात येतात.

कापड निवडताना

सायक्लॉप्स मिलिमीटरभर लांब असला, तरी छिद्र किती लहान हवं हे त्याच्या रुंदीवरून ठरतं, कारण तो आडवाच अडेल असं नाही, डोकं पुढे करूनही घुसतो. त्याची रुंदी लांबीच्या निम्म्याहून कमी. म्हणून नारूसाठी ०.१५ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची जाळी वापरली गेली. स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात इंचाला १२० धाग्यांची नायलॉन जाळी मिळते, तिची छिद्रं साधारण तेवढीच भरतात. मी वर्गासाठी तीच आणते.

घरातलं सुती फडकं अजिबात चालत नाही असं नाही. सुती कापड दुहेरी, चौपदरी करून गाळलं तर सायक्लॉप्स अडतात. जुनी, खूप वेळा धुतलेली सुती साडी नव्या विरळ कापडापेक्षा बरी, कारण धुऊन धुऊन धागे पिंजतात आणि छिद्रं लहान होतात. बांगलादेशात अशीच घडी घातलेली जुनी साडी वापरून पाणी गाळलं, तेव्हा कॉलराचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, कारण कॉलऱ्याचे जंतू याच छोट्या प्राण्यांना चिकटलेले असतात. पण सुती धागा भिजला की फुगतो, त्यात गाळ बसला की छिद्रं बुजतात आणि पाणी थेंब थेंब उतरू लागतं. डोक्यावर दुसरी घागर घेऊन उभी असलेली बाई किती वेळ थांबणार? ती फडकं काढते आणि तशीच ओतते. नायलॉन इथे उपयोगी पडलं. त्याचा धागा एकेरी आणि गुळगुळीत असतो, पाण्याने फुगत नाही, गाळ झटकला की निघून जातो. १९९०च्या दशकात आफ्रिकेतल्या गावांमध्ये अशाच जाळ्या मोठ्या प्रमाणावर वाटल्या गेल्या.

कापड धरून उजेडात बघा. एकही भोक किंवा विरलेली रेघ दिसली तर ते बाद. ठिगळ लावू नका, शिवणीच्या सुईचं भोकही सायक्लॉप्सला पुरतं. कडेला जाड सुती पट्टी शिवायची असली तरी मधला गाळण्याचा भाग अखंड हवा.

उलटलेलं फडकं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण फडकं चांगलं असूनही सगळं इथे वाया जातं. घागरीच्या तोंडावर फडकं बांधलं, पाणी ओतलं, सायक्लॉप्स वरच्या बाजूला अडकले. संध्याकाळी फडकं झटकून पुन्हा बांधलं, पण या वेळी उलटी बाजू वर आली. आता सकाळी अडकलेले सगळे खालच्या बाजूला आहेत. नव्या पाण्याची धार वरून पडते आणि त्यांना थेट घागरीत ढकलते.

वर्गात आम्ही हे करून पाहतो. बरणीतलं पाणी जाळीतून एका पारदर्शक भांड्यात गाळतो आणि टॉर्च मारतो, तर खाली एकही झटका देणारा कण नाही. मग जाळी न धुता उलटी बांधतो, तिच्यावर नळाचं स्वच्छ पाणी ओततो आणि पुन्हा टॉर्च मारतो. या वेळी खाली कण पळताना दिसतात. नळाच्या पाण्यात ते नव्हते, फडक्याने दिले. मुलं गप्प होतात. उपाय सोपा आहे: वरच्या बाजूला एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका घाला, तो टाका नेहमी आकाशाकडे. गाळून झालं की वरची बाजू खाली करून फडकं पाण्याने खळखळून धुवा, पिण्याच्या भांड्यापासून दूर, कोरड्या जमिनीवर. सायक्लॉप्स सुकले की मरतात.

दुसरी गडबड बांधण्यात होते. फडकं सैल बांधलं की मध्ये झोळ पडतो, झोळ आतल्या पाण्याला टेकतो आणि कडेच्या चुण्यांतून न गाळलेलं पाणी सरळ आत ओघळतं. फडकं ढोलकीच्या कातड्यासारखं ताणून सुतळीने बांधायचं आणि धार मध्यभागी सोडायची.

एक खोटा इशाराही सांगते. हुशार विद्यार्थी गाळलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि ओरडतात, ‘मॅडम, खाली जिवंत आहेत!’ ती असतात सायक्लॉप्सची अगदी लहान पिल्लं, मिलिमीटरचा दहावा भाग वगैरे. ती जाळीतून उतरतात. पण नारूची अळीच अर्ध्या मिलिमीटरहून लांब असते, एवढ्याशा पिल्लात ती मावणार कुठे? म्हणून इथे जाळी फसली असं म्हणायचं नाही. खाली मोठा, झटके देणारा सायक्लॉप्स दिसला तरच फसली.

आणि यावरून फडक्याने पाणी शुद्ध झालं असंही समजू नये. कावीळ, विषमज्वर यांना फडकं अडवत नाही, त्यासाठी पाणी उकळा किंवा क्लोरीन घाला.

‘या वर्षी फरक नाही’ म्हणून सोडून देणं

समजा एका गावात मे महिन्यात विहीर आटत आली आहे, उरलेल्या पाण्यात सायक्लॉप्सची दाटी आहे आणि एकाच्या पायाला फोड आहे. तो १० मे रोजी पायऱ्या उतरला. पुढच्या तीन दिवसांत अळ्या सायक्लॉप्सच्या पोटात गेल्या, २५ मेच्या सुमारास पाणी बाधणारं झालं. कुटुंबाने २० जूनपासून फडकं लावलं. पण १ जूनला जे पाणी प्यायले त्यांचा नारू पुढच्या मे-जूनमध्येच बाहेर येणार. फडकं वर्षभर इमाने वापरूनही घरात दोघांच्या पायाला फोड आले. घरातले म्हणणार, ‘काय उपयोग झाला?’ पण हे नारू फडक्याच्या आधीचे आहेत. फडक्याचा हिशेब तिथून पुढच्या वर्षी लावायचा.

आमच्या इतवारीतल्या एका विद्यार्थिनीच्या घरी मी हे प्रत्यक्ष ऐकलं. तिचे दादाजी जोधपूरकडचे. घोट्यापाशी चुरगळलेल्या कागदासारखा व्रण. ‘गाळायचं फडकं तर घरी होतंच, पण शेतात कोण नेतं?’ ते म्हणाले. नेमकी ही पळवाट बुजवायला नंतर गळ्यात अडकवायची, टोकाला जाळी असलेली नळी आली. ती लावून डबक्यातलं पाणीही ओढता येतं. त्यांचा नारू काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढत होते. घाईत कुणीतरी ओढला, तो आतच तुटला आणि पाय महिनाभर सुजून पू धरून राहिला. हीही एक चूकच. पायाला पट्टी हवी, नारू दोन-तीन सेंटिमीटर रोज, आणि जखम विहिरीच्या पाण्यापासून लांब. नारूवर औषध नाही आणि लसही नाही. एकदा झाला म्हणून पुढे होणार नाही असंही नाही.

भारतात शेवटचा नारू १९९६ च्या जुलैमध्ये सापडला, तोही जोधपूर जिल्ह्यातच. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. फडक्याबरोबर हातपंप आले, पायऱ्यांच्या विहिरी बंद किंवा रहाटाच्या झाल्या, पाण्यात टेमेफॉस हे कीटकनाशक टाकून सायक्लॉप्स मारले गेले. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२४ मध्ये फक्त १५.

वर्गात एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, मग उरलेले १५ का संपत नाहीत?’ कारण आफ्रिकेतल्या चाड देशात २०१२ पासून कुत्र्यांना नारू होताना आढळला, आता दर वर्षी शेकडो प्राण्यांना होतो. कुत्रं पाणी लपलप पितं तेव्हा सायक्लॉप्स क्वचितच त्याच्या तोंडात जातो. पण सायक्लॉप्स खाल्लेला मासा किंवा बेडूक कच्चा खाल्ला, काठावर टाकलेली माशाची आतडी खाल्ली, की अळी पोटात जाते. तिथे फडक्याचा काही उपयोग नाही. म्हणून चाडच्या गावांत लोक माशांची आतडी पुरतात आणि नारू बाहेर येईपर्यंत कुत्र्याला साखळीने पाण्यापासून दूर बांधून ठेवतात.