पंखा फिरतो, पण ओढत नाही : लॅबमधल्या या चुका टाळा

केमिस्ट्री लॅबमध्ये वीसेक वर्षं काढली, त्यातली बरीचशी विदर्भात. कॉलेजं बदलली, चुका त्याच राहिल्या. बहुतेक ठिकाणी वस्तू असते, तिच्यावर डेड-स्टॉक नंबरही लिहिलेला असतो. ती चालते का, हे कुणी बघत नाही.

फ्यूम कपबोर्डचा आवाज ऐकून निर्धास्त होणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण मी स्वतः ती केली आहे. एका कॉलेजात पावसाळ्यात कपबोर्डमधला धूर बाहेर ओढणाऱ्या गच्चीवरच्या ब्लोअरची मोटर जळाली. रिवाइंडिंग करून आणली, इलेक्ट्रिशियनने जोडली, बटण दाबलं, घरघर सुरू झाली. मी रजिस्टरला सही केली.

पंधरा दिवसांनी एफवायची सॉल्ट ॲनालिसिसची बॅच होती. नायट्रेटची खात्री करायला मुलं तांब्याचा तुकडा आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घालून परीक्षानळी तापवतात आणि तपकिरी धूर येतो. सहा-सात जण कपबोर्डसमोर उभे होते. बघतो तर धूर मागे जायच्या ऐवजी काचेखालून हळूहळू बाहेर, मुलांच्या छातीपर्यंत येत होता. एक मुलगी खोकायला लागली. बर्नर बंद केले, खिडक्या उघडल्या, बॅच बाहेर काढली. तिला दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशीही तब्येत विचारली, कारण हा वायू घशाला लगेच थोडासाच झोंबतो, पण फुफ्फुसाला सूज काही तासांनी येऊ शकते. सुदैवाने तिला काही झालं नाही.

पंखा तर चालू होता. मग गडबड कुठे? मोटर थ्री-फेज. जोडताना दोन वायरींची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. गोम अशी, की या ब्लोअरचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने जाते, फक्त फारच कमी. साधा टेबलफॅन उलटा फिरला तर वारा पाठीमागे जातो आणि लगेच कळतं. इथे आवाज तोच, थरथरही तीच, ओढ मात्र नावापुरती. ब्लोअरच्या केसिंगवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. गच्चीवर जाऊन तो बघायला दोन मिनिटं लागली असती.

तेव्हापासून काचेच्या खालच्या कडेला टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी चिकटवलेली असते. पंखा लावला की ती आत वळली पाहिजे आणि वळलेलीच राहिली पाहिजे. नुसती फडफडली किंवा सरळ लोंबली तर त्या दिवशी कपबोर्ड बंद. पट्टी ओढ आहे की नाही एवढंच सांगते, किती आहे ते नाही. त्यासाठी वर्षातून एकदा ॲनिमोमीटर उसना आणतो. काच कामाच्या उंचीला ठेवून तोंडाशी सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेग मिळाला की माझं समाधान होतं.

आता याच कपबोर्डचं कपाट करणाऱ्यांविषयी. ब्रोमीन, अमोनिया, रिकाम्या विंचेस्टर बाटल्या, कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं प्रोजेक्ट, सगळं आत कोंबलेलं. मागच्या पडद्याच्या खाली एक फट असते आणि खालची हवा तिच्यातूनच ओढली जाते. तिच्यासमोर बाटल्यांची रांग लावली की पंखा कितीही चांगला असो, हवा वळसे घेत पुन्हा तोंडाशी येते. काम संपलं की कपबोर्ड रिकामा, हा माझा नियम. काही ठेवावंच लागलं तर खाली ठोकळे देऊन उचलून ठेवतो.

काच पूर्ण वर करून डोकं आत घालणारे दर वर्षी भेटतात. "सर, नीट दिसत नाही." अरे, काच पारदर्शकच असते, पुसून घे! भांडं कडेपासून वीतभर आत, काच हनुवटीच्या खाली. आणि हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत "आता वास येत नाही, म्हणजे गेला" असं म्हणणाऱ्याला मी थेट बाहेर काढतो. तो वायू जास्त झाला की आधी नाकच बधिर करतो.

ॲसिड म्हणून सगळी ॲसिडं एका फळीवर

नव्या माणसाला स्टोअर लावायला दिलं की तो एकतर ए टू झेड लावतो, नाहीतर ॲसिडं एकीकडे करतो. दिसायला सुरेख. मग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड नायट्रिकच्या शेजारी येतं. ॲसेटिक नावाने ॲसिड असलं तरी ते जळतं. त्याचा फ्लॅश पॉइंट 39 अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि मे महिन्यात आमच्या बंद स्टोअरमध्ये तेवढं तापमान सहज असतं. नायट्रिक हे ऑक्सिडायझर, म्हणजे जळणाऱ्याला हात देणारं. दोन्ही बाटल्या एकत्र फुटल्या तर काय होईल ते मला बघायचं नाही. म्हणून ॲसेटिक ज्वालाग्राही द्रावकांच्या कपाटात आणि नायट्रिक एकटं, सगळ्यात खालच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये.

तुमचं स्टोअर चुकीचं लागलंय का, हे ओळखायची सोपी खूण सांगतो. बाटल्यांच्या मानेवर आणि लेबलवर पिठासारखी पांढरी पूड दिसते का बघा. ती धूळ नाही. शेजारच्या हायड्रोक्लोरिक आणि अमोनियाच्या बाटल्यांची वाफ हवेत भेटून तयार झालेलं अमोनियम क्लोराइड आहे. लोक ती पूड दर शनिवारी फडक्याने पुसतात आणि बाटल्या परत तिथेच ठेवतात!

बाकी थोडक्यात. ईथरच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. साध्या फ्रीजमध्ये ईथर ठेवू नका, थर्मोस्टॅटची ठिणगी पुरते. नायट्रिकच्या वेस्ट बाटलीत ॲसिटोनचं धुवण ओतून बूच घट्ट लावलंत तर बाटली फुटेल.

आय वॉश फक्त बसवणं

ब्युरेट स्टँडला तशीच ठेवून, हात डोक्यावर नेऊन भरणारी घाईची मंडळी असतात. अशाच एकाच्या डोळ्यात सोडियम हायड्रॉक्साइड गेलं. त्याला धरून आय वॉशकडे नेलं, दांडा दाबला. आधी गंजाचं तांबडं पाणी, मग फुसफुस हवा, मग काहीच नाही. गळतं म्हणून कुणीतरी खालचा व्हॉल्व्ह बंद केला होता. शेवटी सिंकच्या नळाला रबरी नळी लावून, पापण्या बोटांनी उघड्या धरून, धार अगदी हळू ठेवून पंधरा मिनिटं डोळा धुतला. तोवर एकजण बोरिक ॲसिड घेऊन धावत आला, त्याला मागे पाठवलं. डोळ्यात उदासिनीकरणाचे प्रयोग करायचे नसतात, फक्त पाणी. अल्कली ॲसिडपेक्षा खोल शिरते, म्हणून पाच मिनिटांत "बरं वाटतंय" म्हटलं तरी सोडायचं नाही. धुवून झाल्यावर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बुबुळाला वरवरची इजा होती, ती भरून आली.

आता दर सोमवारी पहिल्या बॅचच्या आधी खाली बादली ठेवून दांडा दाबतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडतो आणि दोन्ही धारा सारख्या उंचीच्या आहेत का बघतो. धार वाकडी असेल तर जाळीत क्षार अडकलेला असतो, जुन्या टूथब्रशने निघतो. गळती झाली तर वॉशर बदलतो. तो खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून त्याची चावी मी काढून घेतली आहे. ती माझ्या टेबलाच्या खणात असते. प्लंबरला हवी असेल तर माझ्याकडे येऊन मागावी लागते.