बायपोलर जोडीदाराचा चढ पहिल्या दोन रात्रींत कसा ओळखावा, आणि आपण कसं टिकावं

माझ्या बायकोला बायपोलर आहे हे कळून 11 वर्षं झाली. एवढ्या काळात मिळालेले सल्ले एका चिठ्ठीत मावतील: समजून घ्या, धीर धरा, तिला वेळ द्या. नैराश्यात हे चालून जातं. चढात, म्हणजे मेनिया सुरू होताना, 'वेळ द्या' हा सल्ला घर बुडवतो. पहिले तीन-चार दिवस हातातून गेले की पुढचे तीन-चार महिने निस्तरण्यात जातात.

म्हणून इथे फक्त चढाबद्दल लिहितो. उतारात, म्हणजे नैराश्यात, माणसाला स्वतःलाच काहीतरी बिघडल्याचं कळतं, तो मदत मागतो किंवा ती नाकारत तरी नाही. चढात त्याला आयुष्यात प्रथमच सगळं स्वच्छ दिसायला लागलेलं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही त्याला आजारी म्हणता.

निदान झालंय, डॉक्टर ठरलेले आहेत, औषधं चालू आहेत, हे गृहीत धरतो.

1. झोपेची वही

रोज एक ओळ: किती वाजता झोप लागली, किती वाजता जाग आली. ज्याला आजार आहे त्यानेच लिहायची. तुम्ही लिहिलीत तर ती हजेरीवही होते.

2. बरं असताना कागद करा

निदान दोन महिने सगळं सुरळीत गेल्यावर दोघांनी बसून एक पान लिहायचं. इंटरनेटवरची लक्षणांची यादी त्यात उतरवू नका. 'जास्त बोलणं, जास्त खर्च' हे वाचून पुढे कुणीही म्हणेल, "मी कुठे जास्त बोलते?" तिची स्वतःची, मागच्या चढाच्या पहिल्या आठवड्यातली चिन्हं आठवून लिहा. आमच्या कागदावर तीन आहेत. रात्री एकनंतर कपाट आवरायला काढणं. दहा-दहा वर्षं संपर्क नसलेल्या लोकांना फोन करणं. आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचं उत्तर देणं. तिसरं तिनेच सांगितलं, मला कधी लक्षातही आलं नव्हतं.

चिन्हांच्या खाली काय करायचं ते: मी डॉक्टरांना कधी फोन करायचा, कार्ड कुणाकडे जाईल, मोठी खरेदी किंवा राजीनामा किती दिवस थांबवायचा. डॉक्टरांसमोर तिने लेखी परवानगी द्यावी, की या काळात त्यांनी माझ्याशी बोलावं. परवानगी नसेल तर ते तुम्हाला तिची माहिती देणार नाहीत. पण तुम्ही त्यांना माहिती देऊ शकता, हे बऱ्याच जणांना सुचतच नाही. खाली दोघांच्या सह्या.

3. चढ ओळखणं आणि तो बोलून दाखवणं

इथे मी सगळ्यात जास्त चुकलो, म्हणून इथेच थांबतो.

आधी ओळखण्याबद्दल. आनंद म्हणजे चढ नव्हे. निदानानंतरच्या दुसऱ्या वर्षी तिला बढती मिळाली. ती रात्री बारापर्यंत उत्साहाने बेत सांगत बसली होती आणि मी विचारलं, "गोळी घेतलीस ना?" तिचा चेहरा पडला तो अजून आठवतो. दुसऱ्या रात्री ती शांतपणे सात तास झोपली. तो साधा आनंद होता आणि त्यावर मी पाणी ओतलं. तेव्हापासून मी मूडवरून अंदाज बांधणं सोडलं. मी झोपेकडे बघतो, आणि झोपेतही एकाच गोष्टीकडे: कमी झोपून ती दमली आहे की नाही. काळजीने झोप उडालेला माणूस सकाळी चुरगळलेला असतो. चढणारा माणूस साडेतीन तास झोपून ताजातवाना उठतो आणि झोपेची गरजच उरली नाही असं म्हणतो. हा फरक पक्का ध्यानात ठेवा.

सौम्य चढाला हायपोमेनिया म्हणतात. तो म्हणायला डॉक्टरांच्या व्याख्येत लक्षणं सलग चार दिवस असावी लागतात. ती व्याख्या निदानासाठी आहे, तुम्ही चार दिवस मोजत बसू नका. नेहमीपेक्षा दोन तास कमी झोप, सलग दोन रात्री, आणि थकवा नाही: आमच्या कागदावर एवढ्यावर फोन आहे. अंदाज चुकला तर एक फोन वाया गेला, बस. शिवाय कमी झोप हे नुसतं लक्षण नाही, चढाचं कारणही ठरते. रात्रीचा प्रवास, आजारी मुलासाठी जागरण, कामाची रात्रपाळी, यानेही चढ सुरू होऊ शकतो. तेव्हा अशा रात्रीनंतरची रात्र आधीच राखून ठेवा.

आता बोलण्याबद्दल. "तू परत तशी वागायला लागलीयस" हे वाक्य मी तीनदा वापरलं आणि तीनही वेळा भांडण झालं. ते ऐकून तिला वाटतं, आता माझा प्रत्येक विचार हा आजार ठरणार. आणि राग येणं साहजिक आहे. माझे नियम आता असे आहेत: सकाळी बोलायचं, रात्री नाही. दोघंच असताना. एकदाच. स्वभावावर नाही, आकड्यावर. नंतर वाद घालायचा नाही, ती काहीही म्हणाली तरी.

मागच्या वेळची हकीकत सांगतो. तिची नेहमीची झोप सात तास. रविवारी सहा, सोमवारी पाच, मंगळवारी चार. बुधवारी सकाळी उठलो तर ती आंघोळ करून लॅपटॉपवर, नव्या व्यवसायाचा आराखडा तयार. आराखडा चांगला होता, हेही सांगतो. चढातल्या कल्पना सगळ्याच भंपक नसतात, आणि त्या खोडून काढायला गेलात की तुम्ही हरलात.

मी म्हणालो, "वहीत काल चार तास आहेत, परवा पाच. कागदाप्रमाणे मी आज डॉक्टरांना फोन करतोय."

"मला इतकं छान कधीच वाटलं नव्हतं. तुला ते बघवत नाही."

"असेल. फोन दहा वाजता करतो. तू पण बोल."

ती बोलली नाही, दार आपटून आत गेली. मी फोन केला. डॉक्टरांनी त्याच दिवशी भेटायला बोलावलं, औषधात बदल केला. नुकतंच नैराश्यासाठीचं औषध वाढवलेलं होतं, ते त्यांनी थांबवलं. बायपोलरमध्ये त्या औषधांनी चढ सुरू होऊ शकतो, म्हणून गेल्या महिनाभरात काय बदललं ते फोनवर पहिल्यांदा सांगा. शनिवारी रात्री ती सहा तास झोपली.

डोस स्वतःहून वाढवू नका, तिला वाढवू देऊ नका. लिथियमसारख्या औषधाची उपयोगी पातळी आणि अपायकारक पातळी इतकी जवळ असते की रक्त तपासून डोस ठरवावा लागतो. आणि "बरं वाटतंय" म्हणून ते एकदम बंद केलं तर त्यातूनच नवा चढ येऊ शकतो.

4. ते चार-पाच दिवस

संध्याकाळनंतर दिवे मंद, स्क्रीन बंद, दुपारनंतर कॉफी नाही. भेटीगाठी, समारंभ, प्रवास रद्द. कार्ड ठरल्याप्रमाणे तिसऱ्याकडे.

हे पुरेसं नाही असा टप्पा ओळखा. सलग दोन रात्री जवळजवळ झोपच नाही, नसलेलं ऐकू येणं किंवा दिसणं, "माझ्यावर कामगिरी सोपवली आहे" अशी खात्री, अंगावर धावून येणं: यात समजावत बसू नका, तातडीने दवाखान्यात न्या. कागदावर तेही लिहिलेलं असावं.

आणि एक अवस्था अशी, जी बाहेरच्यांना दिसत नाही. अंगात चढाची ऊर्जा आणि मनात उताराचा अंधार, दोन्ही एकाच वेळी. माणूस झोपत नाही, येरझाऱ्या घालतो, चिडतो, रडतो. नुसत्या नैराश्यात काही करायची ताकदही नसते, इथे ती असते. म्हणून हा काळ धोक्याचा. तेव्हा सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल, किंवा नुसतं गप्प असेल, तर एकटं सोडू नका, औषधांचा साठा घराबाहेर काढा आणि लगेच डॉक्टर किंवा आपत्कालीन सेवा गाठा.

5. तुम्ही

दुसऱ्या चढात मी तीन रात्री जागून तिच्यावर पहारा दिला. चौथ्या दिवशी मी तिच्यावर इतका ओरडलो की शेजारी आले. त्या आठवड्यात घरात दोन माणसं झोपेविना होती आणि त्यातल्या एकालाच औषध मिळत होतं. घरातली सततची टीका, शत्रुत्व आणि अतिदेखरेख यांचा आजार उलटण्याशी संबंध संशोधनात वारंवार दिसला आहे. म्हणजे माझी झोप हा तिच्या उपचाराचाच भाग आहे. स्वार्थ वाटून कचरणाऱ्यांना मी हेच सांगतो.

म्हणून चढात आम्ही वेगळ्या खोलीत झोपतो. तिसरी रात्र आली की तिची बहीण येते आणि मी दुसरीकडे जाऊन झोपतो. हा माणूस आधी ठरवा, त्याला कागद वाचायला द्या. "गरज पडली तर सांगतो" म्हणून चालत नाही, कारण गरज पडते तेव्हा कुणालाही समजावून सांगायची तुमच्यात ताकद नसते. माझ्या पगाराचं खातं वेगळं आहे. तिला ते माहीत आहे, आणि तेही कागदावर आहे.

गोळ्यांबद्दल माझं मत कठोर आहे. आठवड्याचा डबा भरून ठेवायचा, रविवारी तो रिकामा आहे का बघायचं, मधे विचारायचं नाही. दिवसातून दोनदा "घेतलीस?" विचारणारा नवरा काही महिन्यांत वॉर्डन होतो. गोळ्या डब्यात उरल्या तर ती गोष्ट डॉक्टरांसमोर निघेल, स्वयंपाकघरात नाही.

माझा राग मी एका समुपदेशकाकडे महिन्यातून एकदा नेऊन ठेवतो. चढात ती जे बोलते ते आजार बोलतो हे मला माहीत आहे, तरी लागतं. ते तिच्यापाशी बोलायचं असेल तर चढ उतरून निदान महिना गेल्यावर. चढानंतर बहुधा उतार येतो, त्यात तिला लाज खात असते. त्या दिवसांत खर्चाची बिलं पुढे टाकू नका.

6. कागद दुरुस्त करा

प्रत्येक चढानंतर, दोघंही सावरल्यावर. मागच्या वेळी तिने दोन बदल सुचवले. फोनची वेळ सकाळी दहाऐवजी नऊ, कारण दहापर्यंत तिने तीन जणांना व्यवसायाबद्दल कळवून टाकलं होतं. आणि बहिणीची पाळी तिसऱ्या रात्रीऐवजी दुसऱ्या रात्रीपासून. मी म्हटलं, मला तिसरी चालते. ती म्हणाली, "तुला नाही चालत. तिसऱ्या दिवशी तू कसा दिसतोस ते मला चढातही दिसतं."