गाडीचं साप्ताहिक अ‍ॅव्हरेज: रविवार नव्हे, फुल टाकी धरा

जीपीएसच्या रिपोर्टमधून सोमवार ते रविवारचे किलोमीटर घेऊन त्याच आठवड्यात भरलेल्या डिझेलने भागू नका. भरलेलं डिझेल म्हणजे जळलेलं डिझेल नव्हे.

आमच्या एका पिकअपचं उदाहरण घ्या. सोमवारी सकाळी टाकी फुल केली, बुधवारी 20 लिटर टाकलं, शनिवारी संध्याकाळी पुन्हा फुल करायला 31 लिटर लागलं. दोन फुल टाक्यांमध्ये गाडी 663 किलोमीटर धावली. 663 भागिले 51, म्हणजे 13 चं अ‍ॅव्हरेज. यात सोमवारचं डिझेल धरायचं नाही, ते आधीच्या धावेचं. शनिवारचं मात्र धरायचं.

नोंदींच्या शीटमध्ये A मध्ये गाडी, B मध्ये भरल्याची तारीख-वेळ, C मध्ये लिटर ठेवा. E2 मध्ये गाडी, F2 आणि G2 मध्ये दोन फुल टाक्यांच्या वेळा:

```
=SUMIFS(C:C,A:A,E2,B:B,">"&F2,B:B,"<="&G2)
```

किलोमीटरही ट्रॅकिंगमधून याच दोन वेळांमधले काढा. म्हणून ड्रायव्हरकडून बिलावरची वेळ आणि ‘फुल’ की ‘अर्धवट’ हे आवर्जून लिहून घ्या. माझ्या मते सगळ्या हिशोबात हीच नोंद सर्वांत मोलाची.

उभ्या गाडीचं लोकेशनही थोडं सरकत राहतं आणि रात्रीत खोटे किलोमीटर जमतात. इग्निशन बंद असतानाचं अंतर दिसलं तर ते वगळा आणि महिन्यातून एकदा एकूण अंतर मीटरशी ताडून पाहा.