अरबीत जेवण ऑर्डर करताना या चुका टाळा

पुस्तकातून प्रमाण अरबी शिकलो, म्हणजे ज्याला फ़ुस्हा म्हणतात ती, आणि मग जॉर्डनमधल्या अम्मानला गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी हॉटेलात ऑर्डर देताना लक्षात आलं की शब्द सगळे येतायत पण बोलणं चुकतंय. शब्द पाठ नव्हते असं नाही, ते कुठे वापरायचे हेच डोक्यात चुकीचं बसलं होतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी गडबड ‘प्लीज’ची. आपण मराठीत ‘कृपया’ फक्त पाटीवर वाचतो, बोलताना ‘जरा पाणी देता का’ नाहीतर ‘द्या ना’ असंच म्हणतो. त्यामुळे प्लीजला अरबी शब्द काय ते आपण डिक्शनरीत शोधतो आणि तिथे तीन सापडतात, मिन फ़द्लिक, लौ समह्त आणि तफ़द्दल. हे तिन्ही वेगळे आहेत. तफ़द्दल हा देणाऱ्याचा शब्द, म्हणजे आपलं ‘या, बसा, घ्या’. वेटर खुर्ची दाखवताना, मेन्यू हातात देताना, ताट ठेवताना तेच म्हणतो. मी पाणी मागताना ‘माअ, तफ़द्दल’ म्हणालो, म्हणजे जवळजवळ ‘पाणी, घ्या’ असं झालं, आणि तो बिचारा गोंधळून बघत राहिला की नक्की कोण कोणाला देतंय. मागायचं असेल तर मिन फ़द्लिक. आणि लक्ष वेधायचं असेल, ‘अहो, जरा ऐकता का’ टाइप, तर लौ समह्त. समोर बाई असेल तर लौ समह्ति, शेवटचा इकार नीट ऐकू आला पाहिजे. वेटरला पुस्तकी शब्द नादिल, पण ‘ओ नादिल’ अशी हाक मारू नका, लौ समह्त पुरतं.

दुसरी चूक वाक्याच्या बांधणीतली. ‘मला पाहिजे’ म्हणजे उरीदु हे पहिल्या धड्यात येतं आणि मग आपण ते कशालाही चिकटवतो. नियम साधा आहे, पुढे वस्तू आली तर सरळ लावायचं, उरीदु शायन, मला चहा पाहिजे. पण पुढे क्रियापद आलं तर मधे ‘अन’ हवाच, उरीदु अन अशरब शायन, मला चहा प्यायचाय. ‘उरीदु अशरब’ तुटकं वाटतं आणि ‘उरीदु अन शाय’ तर चुकीचंच आहे. शिवाय नुसतं उरीदु थोडं कोरडं वाटतं, आणि ‘अअतिनी’ म्हणजे ‘मला दे’ हा सरळ हुकूम झाला. आपलं ‘मिळेल का’ तसं हवं असेल तर ‘हल युमकिनुनी अन अतलुब’ म्हणा, म्हणजे मी ऑर्डर देऊ शकतो का. लांब आहे पण दोन दिवसांत तोंडात बसतं.

आता शाकाहारी मंडळींसाठी सगळ्यात महत्त्वाचं, इथे चूक झाली तर बोलण्यात नाही तर थेट पोटात कळते 😟 आम्ही तिघं होतो, तिघंही शाकाहारी. मी आधी सांगितलं ‘अना नबाती’, मी शाकाहारी आहे (बाई असेल तर नबातिया), आणि मग मसूरडाळीचं सूप मागवताना जोडलं ‘बिदूनि लह्म’, म्हणजे मांसाशिवाय. वेटर हो म्हणाला. सूप आलं, मस्त पिवळं, वर लिंबू. दोन चमचे झाल्यावर वहिनी म्हणाली वास वेगळा येतोय. विचारलं तर कळलं की ते कोंबडीच्या स्टॉकमध्ये शिजवलेलं. वेटर खोटं बोलला नव्हता, कारण रोजच्या बोलण्यात लह्म म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर बकरा नाहीतर गाय येते, कोंबडी म्हणजे दजाज आणि मासा म्हणजे समक हे त्यांच्यासाठी वेगळे पदार्थ, आणि स्टॉक म्हणजे मरक़ हा तर सूपमध्ये दिसतही नाही. म्हणून फक्त ‘बिदूनि लह्म’वर थांबू नका, एकेक नाव घ्या: ‘ला आकुलुल लह्म व लद दजाज व लस समक’, मी मांस, कोंबडी, मासे खात नाही. अंडंही नको असेल तर बैद. आणि सूप किंवा भात असेल तर मरक़बद्दल वेगळं विचारा. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे गेलो तेव्हा असं झालं:

वेटर: अहलन व सहलन, तफ़द्दलू. (या, बसा.)
मी: हल युमकिनुना अन नरा क़ाइमतत तआम, मिन फ़द्लिक? (मेन्यू बघायला मिळेल का?)
वेटर: तबअन, तफ़द्दल. (हो हो, घ्या.)
मी: लौ समह्त, हल फ़ी शूरबतिल अदस मरक़ु दजाज? (अहो, डाळीच्या सूपमध्ये कोंबडीचा स्टॉक आहे का?)
वेटर: नअम, फ़ीहा मरक़. (हो, आहे.)
मी: इज़न उरीदु हुम्मुसन व फ़त्तूशन, व सलासत अकवाब मिनश शाय बिदूनि सुक्कर, मिन फ़द्लिक. (मग हुम्मुस, फ़त्तूश सॅलड आणि तीन कप चहा बिनसाखरेचा द्या.)

हे ‘सलासत अकवाब’ बघा, कारण मोजतानाही आपण फसतो. आपल्याकडे ‘दोन चहा, तीन चहा’ म्हटलं की काम होतं. अरबीत एक कप म्हणजे कूब, तीन ते दहासाठी अनेकवचन अकवाब, पण दोनसाठी वेगळंच द्विवचन, आणि ते संस्कृतसारखं शब्दातच असतं. ‘दोन कप’ म्हणजे कूबैन, इथे ‘इस्नान कूब’ म्हणू नका. आणि तीन ते दहाच्या आकड्यांचं लिंग उलटं चालतं, कूब पुल्लिंगी म्हणून सलासत, पण कअस म्हणजे ग्लास स्त्रीलिंगी म्हणून सलास कुऊस. चुकलं तरी चहा येतो, त्यामुळे याचं टेन्शन पहिल्या दिवशी घेऊ नका, द्विवचन मात्र लवकर पक्कं करा, ते सतत लागतं.

ताक किंवा दूध मागताना एक काळजी. पुस्तकात लबन दिसतं, पण कैरोत लबन म्हणजे दूध, अम्मानमध्ये दही, आणि आखाती देशांत पातळ ताकासारखं. दूधच हवं असेल तर हलीब म्हणा, कुठेही चालतं. आणि तुम्ही कितीही शुद्ध फ़ुस्हा बोललात तरी उत्तर बोलीत येऊ शकतं, ‘माज़ा तुरीद’ऐवजी अम्मानमध्ये ‘शू बितहिब्ब’, कैरोत ‘आयिज़ एह’. प्रश्न तोच आहे, काय हवं.

शेवटची चूक ‘शुकरन’ची. वेटर किटली घेऊन आला, अजून हवाय का विचारलं, मी हसून शुकरन म्हणालो आणि तो निघून गेला! मला चहा हवा होता. काही देऊ केलं आणि नुसतं शुकरन म्हटलं की बहुतेक वेळा ‘नको, थँक्यू’ असाच अर्थ घेतात. हवं असेल तर ‘नअम, मिन फ़द्लिक’, नको असेल तर ‘ला, शुकरन’, म्हणजे शंकाच उरत नाही. आणि उठायच्या वेळी ‘अल-हिसाब, मिन फ़द्लिक’. हा शब्द तर लक्षात ठेवावाही लागत नाही, आपला ‘हिशोब’ तिथूनच आलाय.