सरांनी ‘फाइल्स आवरून टाक’ म्हटलं, तर डिलीट दाबण्याआधी काय विचाराल?

सीएच्या ऑफिसात रिटर्नची धावपळ ओसरली की हे काम हमखास निघतं. दादरमधलं एक छोटं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी लोकल गाठायच्या घाईत सर दारातूनच आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीला सांगतात, “अगं, माझ्या फाइल्स जरा आवरून टाक. फार पसारा झालाय.” सर गेले, आणि तिच्यासमोर कॉम्प्युटरचा डी ड्राइव्ह, डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि ऑफिसचा सामायिक ड्राइव्ह असं सगळं उघडं आहे. यातलं ‘माझ्या’मध्ये नेमकं काय येतं, हे फक्त सरांना ठाऊक.

आधी कारण विचारा

“काय काय काढू?” असं विचारलं की घाईतला माणूस “जुनं सगळं काढ” म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा आवरायचं कशासाठी, ते विचारा. डिस्क भरली असेल तर काम मोठ्या फाइल्सचं आहे. फाइल्स सापडत नसतील तर काम नावं आणि फोल्डर लावण्याचं आहे, तिथे एकही फाइल उडवायची गरज नाही. मशीन दुसऱ्याला द्यायचं असेल तर गोष्टच वेगळी.

मग आपल्याला काय समजलं ते लिहून पाठवा. व्हॉट्सॲपवर एवढं पुरे: “सर, डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि D:\Sir एवढंच धरते. क्लायंटचे फोल्डर, टॅलीचा डेटा आणि सामायिक ड्राइव्ह यांना हात लावत नाही. जागा हवी आहे की फाइल्स सापडत नाहीत? आज काहीही डिलीट करत नाही, उद्या यादी दाखवते.” कशाला हात लावणार नाही, ते वाक्य गाळू नका. चूक असली तर समोरचा तिथेच अडवतो.

आपल्या उदाहरणात सरांचं उत्तर आलं, “जागा भरपूर आहे गं. मला पत्रंच सापडत नाहीत. डाउनलोड्स मात्र रिकामं कर.” म्हणजे डिलीट करायचं काम एका फोल्डरपुरतं उरलं. विचारलं नसतं तर ती डी ड्राइव्हवरची जुनी वर्षं उडवत बसली असती.

यादी करा

डोळ्यांनी चाळून भागत नाही, लपवलेल्या फाइल्स दिसतच नाहीत. कमांड प्रॉम्प्ट उघडून या दोन ओळी चालवा (फोल्डर आणि ड्राइव्हची नावं आपापली घाला):

```
chcp 65001
dir "D:\Sir" /s /a > "E:\yadi.txt"
```

नाव, आकार आणि तारखेसकट सगळी यादी एका फाइलमध्ये येते. पहिली ओळ गाळली तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात, आणि मग त्या यादीचा काही उपयोग नाही.

कचऱ्यासारख्या दिसणाऱ्या फाइल्स

खरी गफलत इथे होते. टॅलीचा डेटा उघडून बघा: फोल्डरचं नाव 10003 असं नुसता आकडा, आत Company.900 किंवा Company.1800 अशा फाइल्स, आणि डबल क्लिक केलं तर काहीच उघडत नाही. नवख्याला वाटतं, कसला तरी उरलासुरला कचरा. प्रत्यक्षात त्या एका फोल्डरात एका कंपनीची सगळी खाती असतात.

तारखेवरही विसंबू नका. तीन वर्षांत कोणी हात लावलेला नाही याचा अर्थ ती फाइल पक्की झालेली आहे, असाही असू शकतो. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात. 2018-19 च्या रिटर्नची मुदत वाढत वाढत 31 डिसेंबर 2020 झाली होती, म्हणून त्या वर्षाची कागदपत्रं डिसेंबर 2026 अखेरपर्यंत लागतात. अपील चालू असेल तर त्याहूनही पुढे. कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे 8 आर्थिक वर्षं.

‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘फायनल नवीन’ ही मंडळी तर प्रत्येक ऑफिसात असतात. दोन फाइल्स हुबेहूब एक आहेत का, हे नावावरून ठरवू नका. दोन्हींवर ही कमांड चालवा:

```
certutil -hashfile "Final.xlsx" SHA256
```

दोन्हीकडे आलेली लांबलचक अक्षरांची ओळ तंतोतंत जुळली तर आतला मजकूर एकच. जुळली नाही म्हणजे आकडे वेगळेच आहेत असं मात्र नाही, कारण एक्सेल फाइल नुसती पुन्हा सेव्ह केली तरी ही ओळ बदलू शकते. तेव्हा कुठली ठेवायची ते ज्याची फाइल त्यालाच विचारा.

थेट उडवू नका, बाजूला काढा

‘काढायच्या’ नावाचा फोल्डर करा आणि उडवायच्या वाटतात त्या फाइल्स त्यात हलवा. कोणाचं काही अडलं तर परत ठेवता येतं. पण हलवल्यानेही काही गोष्टी मोडतात. एक्सेलच्या शीटमध्ये दुसऱ्या फाइलमधला आकडा जोडलेला असेल, तर जुना आकडा दिसत राहतो पण पुढे अपडेट होत नाही, आणि हे लगेच कळतही नाही. टॅलीचा फोल्डर हलवला तर कंपनी यादीतून गायब होते. म्हणून अशा फोल्डरांना यादीतच ठेवा, जागेवरून उचलू नका.

किती दिवस थांबायचं? दर महिन्याच्या जीएसटीच्या फाइल्ससाठी एक महिना थांबलं तरी पुरे, त्यात रिटर्नची एक फेरी होते. ऑडिटच्या फाइल्स वर्षातून एकदाच निघतात. त्यांच्या बाबतीत महिनाभर कोणी हाक मारली नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

कचरापेटी नेहमी असतेच असं नाही

आपल्या मशीनवरची फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, तिथून परत आणता येते. पेन ड्राइव्हवरची किंवा ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हवरची फाइल सहसा त्यात जात नाही, ती सरळ उडते. Shift दाबून डिलीट केलं तरी तेच. ओळखायची खूण सोपी आहे: विंडोजच्या प्रश्नात permanently हा शब्द दिसला की थांबा. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल 30 दिवस राहते, नंतर आपोआप जाते. आणि कॉम्प्युटरवर सिंक केलेल्या फोल्डरातून काढलेली फाइल वरूनही निघते, ‘ड्राइव्हवर आहे ना’ हा भरवसा तिथे फसतो. नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीवरून एकदा गेलेली फाइल दुरुस्तीवाल्याकडूनही बहुधा परत येत नाही.

आता त्या मुलीचं डाउनलोड्स. बरेचसे इन्स्टॉलर आणि त्याच पीडीएफच्या दोन-दोन प्रती होत्या, त्यावर वाद नव्हता. पण आत प्राप्तिकर पोर्टलवरून उतरवलेली एका क्लायंटची नोटीस आणि बँकेची काही स्टेटमेंट्स निघाली, जी क्लायंटच्या फोल्डरात कुठेच नव्हती. नोटीस पोर्टलवरून पुन्हा काढता आली असती, स्टेटमेंट्ससाठी मात्र परत क्लायंटला फोन करावा लागला असता. तिने ती आधी जागेवर लावली, उरलेल्यांची नावं सरांना पाठवली आणि विचारलं, “सर, या यादीतल्याच कायमच्या काढू ना?” सरांनी दोन नावांपुढे ‘नको’ लिहिलं. बाकीच्या तिने काढल्या, रिसायकल बिन मात्र तसाच ठेवला आणि yadi.txt सरांच्या फोल्डरात टाकून ठेवली.