गुणाचा शब्द कोणाचा? कथेवरच्या निबंधात पात्रचित्रण दाखवताना

कथेवर निबंध लिहिताना बहुतेक जण ‘लेखकाने पात्र प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष पद्धतीने रंगवले आहे’ असं वाक्य लिहून पुढे निघून जातात. हे वाक्य कोणत्याही कथेला चालतं, म्हणून त्याचा उपयोग नाही. पद्धत नेमक्या कोणत्या शब्दांत दिसते तिथे बोट ठेवावं लागतं. त्यासाठी चोपडा तालुक्यातल्या केळीच्या मळ्यात घडणारा एक छोटा उतारा घेऊ. तो या लेखासाठीच रचलेला आहे.

> दगडूतात्या हिशेबाला चोख माणूस. गाडी भरत होती आणि काट्यावर चढणारा एकेक घड ते पुटपुटत मोजत होते. मजुराने पाणी मागितलं. तात्यांनी स्वतःचा तांब्या त्याच्यापुढे धरला, पण नजर काट्यावरून काढली नाही. पाणी पिऊन मजूर गाडीकडे वळला आणि सोबत्याला हळूच म्हणाला, “दगडच शे तात्या.”

पहिलं वाक्य प्रत्यक्ष चित्रण आहे. ‘हिशेबाला चोख’ हा गुण निवेदकानेच नाव घेऊन सांगितला. वाचकाला काही शोधावं लागलं नाही. पुटपुटत मोजणं मात्र अप्रत्यक्ष आहे, कारण तिथे गुणाचं नाव नाही, फक्त कृती आहे आणि अर्थ आपण लावतो. कृतीशिवाय बोलणं, मनातले विचार, पेहराव आणि इतरांच्या प्रतिक्रिया यांतूनही पात्र असंच उलगडतं.

गोंधळ झाला की एक कसोटी लावा. गुणाचा शब्द उताऱ्यात छापलेला असेल तर चित्रण बहुधा प्रत्यक्ष. तो शब्द तुम्हाला स्वतःला शोधावा लागला तर अप्रत्यक्ष. तांब्याच्या वाक्यात ‘माणुसकी’ हा शब्द कुठेच नाही, तो आपण आणला.

ही कसोटी अडते ती मजुराच्या बोलण्यापाशी. ‘दगड’ हा शब्द उताऱ्यात छापलेला आहे, पण तो निवेदकाचा नाही. एका पात्राने दुसऱ्याबद्दल केलेलं असं विधान काही पुस्तकं प्रत्यक्षात धरतात, काही अप्रत्यक्षात. या वादात न पडता ते कोण बोलतंय आणि कोणत्या क्षणी, हे लिहा. मजूर नुकताच तात्यांच्याच तांब्यातलं पाणी प्यायला आहे, तरी तो त्यांना दगड म्हणतो. त्याला काट्यावरची नजर दिसली, पुढे आलेला हात दिसला नाही. म्हणजे हे वाक्य तात्यांइतकंच मजुराबद्दलही सांगतं. शिवाय ते त्याने अहिराणीत, सोबत्याच्या कानात म्हटलं. तोंडावर बोलायची सोय नाही, हे अंतरही तिथे कळतं. अशा वाक्याला नुसतं ‘प्रत्यक्ष’ म्हणून सोडलं तर उताऱ्यातला सगळ्यात मोलाचा भाग हातचा जातो.

आता परिच्छेद. पाच-सहा वाक्यं पुरतात. आधी पात्राबद्दलचं तुमचं म्हणणं, मग पद्धतीचं नाव, मग चार ते आठ शब्दांचं अवतरण, आणि त्यानंतर किमान दोन वाक्यं त्या अवतरणातल्या एखाद्या नेमक्या शब्दावर. उदाहरणार्थ:

> तात्यांची माणुसकी हिशेबाच्या आड लपलेली आहे. निवेदक त्यांना थेट ‘हिशेबाला चोख’ म्हणतो, पण माणुसकीचं नाव घेत नाही. ती कृतीतून अप्रत्यक्षपणे दिसते. ‘स्वतःचा तांब्या त्याच्यापुढे धरला’ यातला ‘स्वतःचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मजुराला वेगळं भांडं दिलेलं नाही. लगेच येणारा ‘पण’ मात्र ही जवळीक अर्ध्यावर थांबवतो. प्रत्यक्ष विधानाने तात्यांची एकच बाजू दिली, कृतीने दुसरी बाजू जोडली.

इथे दोन्ही पद्धती एकमेकींसमोर उभ्या केल्या आहेत. गुण मिळतात ते इथेच. निवेदकाचं म्हणणं आणि पात्राची कृती जुळतात का, की एकमेकांना छेद देतात, हे सांगितलं की परिच्छेद नावं लावण्याच्या पुढे जातो.

चुकतं कुठे? एक म्हणजे अवतरणानंतर ‘यावरून तात्या दयाळू आहेत हे दिसते’ असं लिहून थांबणं. कोणत्या शब्दावरून दिसतं, हे राहून जातं. दुसरं, एका तांब्यावरून तात्यांना संत ठरवणं. एकाच कृतीचा आधार असेल तेव्हा ‘इथे सूचित होतं’ एवढंच म्हणा, आणि तोच गुण कथेत आणखी एकदा दिसला तरच ठाम लिहा.

प्रथमपुरुषी कथेत जास्त सावध राहावं लागतं. तिथे ‘मी’ हाही पात्रच असतो. हाच उतारा तात्यांच्या मुलाने सांगितला असता तर ‘हिशेबाला चोख’ यात कदाचित अभिमान असता, कदाचित जुनी तक्रार. मग ते वाक्य तात्यांचं प्रत्यक्ष चित्रण आणि त्याच वेळी मुलाचं अप्रत्यक्ष चित्रण ठरतं. निबंधात दोन्ही गोष्टी लिहा, आणि ‘लेखक म्हणतो’ऐवजी ‘निवेदक म्हणतो’ असंच लिहा.