तीन फ्रेम, एक फोटो आणि फिफो-एलआरयूची गफलत

पेज फॉल्ट आणि फ्रेम म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. तीन फ्रेमवर फिफो आणि एलआरयूने किती फॉल्ट होतात ते मोजायचं: फ्रेम भरल्या की फिफो सगळ्यात आधी आलेलं पेज काढतो, एलआरयू सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं. गणित सोपं आहे, पण मार्क जातात, माझेही गेले. म्हणून जिथे जातात तिथेच जास्त बोलतो.

आधी फोटो. वहीचा नाहीतर फळ्याचा फोटो येतो आणि त्यावरूनच सगळे तक्ता आखायला बसतात. तसं करू नका. आकडे आधी कागदावर उतरवा आणि एकूण किती आहेत ते मोजा, कारण फोटोच्या कडेला शेवटचा आकडा हमखास कापला जातो. दुसरा घोळ इंग्रजी आकड्यांतल्या एक आणि सातचा. समजा मागितलेल्या पेजांची यादी, म्हणजे स्ट्रिंग, अशी आहे: ४, ७, १, ४, २, ४, ७, ३, ४, १. यातला तिसरा आकडा घाईत सात वाचला, तर फिफोचे फॉल्ट ८ ऐवजी ६ येतात आणि एलआरयूचे ७ ऐवजी ५. दोन्ही उत्तरं दोन-दोनने घसरतात, फरक तेवढाच राहतो, त्यामुळे शंकाही येत नाही. एक खूण मात्र असते. लागोपाठ तोच आकडा आला तर दुसऱ्या वेळी फॉल्ट होऊच शकत नाही, म्हणून अशा जोड्या स्ट्रिंगमध्ये सहसा ठेवतच नाहीत. ७, ७ असं दिसलं की फोटो झूम करा.

आता खरा सापळा. पहिले तीन आकडे म्हणजे तीन फॉल्ट. रिकाम्या फ्रेम भरतानाचे फॉल्टही मोजायचे, प्रश्नात वेगळं सांगितलं नसेल तर. चौथा आकडा ४ आतच आहे, म्हणजे हिट. या हिटला तक्त्यात काहीच बदलत नाही, म्हणून आपण बेफिकीर पुढे जातो. पण फिफोसाठी हिट म्हणजे खरोखरच काही घडलं नाही: ४ सगळ्यात आधी आला होता आणि अजूनही रांगेत पहिलाच आहे. एलआरयूसाठी मात्र ४ आता सगळ्यात ताजा झाला आणि ७ सगळ्यात शिळा.

म्हणून पुढचा २ आला की वाटा फुटतात. फिफो ४ ला काढतो, एलआरयू ७ ला. आणि लगेच पुढे पुन्हा ४ च येतो! फिफोला फॉल्ट, एलआरयूला हिट. फिफो करताना हिट झालेल्या पेजला रांगेच्या शेवटी नेलंत, तर तुम्ही नकळत एलआरयू सोडवलात आणि दोन्हीकडे ७ आले. उत्तरं सारखी येऊ शकतात, नाही असं नाही, पण आली तर प्रत्येक हिटनंतरचा पहिला फॉल्ट पुन्हा बघा. चूक असेल तर बहुतेक तिथेच सापडते.

फिफोसाठी मी फ्रेमच्या ओळींवर बाण फिरवतो: पहिली, दुसरी, तिसरी, परत पहिली. बाण फक्त फॉल्टला हलतो, हिटला जागचा हलत नाही. एवढं पाळलं की ८ येतातच. एलआरयूला हा बाण लावाल तर फसाल. एका सीनियरने आम्हाला दोन्हींसाठी एकच तक्ता, एकच युक्ती असं पढवलं होतं. अशा युक्त्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

एलआरयूची तपासणी तर तक्त्याशिवायही होते. कुठल्याही आकड्यावर बोट ठेवा आणि डावीकडे जात तीन वेगवेगळी पेज गोळा करा. त्या क्षणी फ्रेममध्ये नेमकी तीच तीन असतात. तुमचा आकडा त्यांत असेल तर हिट, नसेल तर फॉल्ट, आणि तिसरं सापडलेलं पेज बाहेर. आपल्या स्ट्रिंगमधला दुसरा ७ घ्या: डावीकडे ४, २, मग परत ४ (तो सोडा), मग १. सात त्यांत नाही, म्हणजे फॉल्ट, आणि १ गेला. घाबरू नका, दोनदा केलं की हात बसतो. फिफोला मात्र ही सोय नाही, तिथे बाणच फिरवावा लागतो.

आणि 'एलआरयूचे फॉल्ट कमीच यायला हवेत' या समजुतीवर उत्तर तपासू नका. फ्रेम वाढवूनही फिफोचे फॉल्ट वाढतात, त्या बेलाडीच्या विसंगतीसाठी दाखवतात ती स्ट्रिंग, १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५, तीन फ्रेमवर करून बघा: फिफोला ९ फॉल्ट, एलआरयूला १०. असं आलं की लगेच खाडाखोड करू नका. डावीकडच्या तीन पेजांची तपासणी जुळत असेल तर १० तसाच ठेवा.